कोरडा दांडा

आमच्या बाथरूममध्ये स्टीलचे चार दांडे आहेत. तीन आईचा खुबा मोडायच्या आधी बसवले आणि एक तो मोडल्यावर. पहिल्या तिन्हींवर आता टॉवेल वाळतात. कुणी पाहुणा आला की हमखास म्हणतो, "वा, बाथरूम काय झकास केलंय!" मी हसतो. दुसरं काय करणार?

हे काम माझंच आहे म्हणून जास्त झोंबतं. गेली पंचवीस वर्षं मी लाद्या बसवतो, नळाची कामं घेतो. आधी स्वतः गुडघ्यावर बसून करायचो, आता हाताखाली चार माणसं आहेत. कर्जतपासून खालापूरपर्यंत डोंगराच्या पायथ्याला मुंबईकरांचे जे बंगले उठलेत, त्यातली कितीतरी बाथरूम माझ्या हातची आहेत. सुरुवातीला त्या लोकांना चकचकीत लादी हवी असायची, तोंड दिसेल अशी. मग तीच माणसं म्हातारी व्हायला लागली, किंवा आपल्या म्हाताऱ्यांना हवा चांगली म्हणून इकडे आणून ठेवायला लागली, आणि मागणी बदलली. उंबरा नको, लादी खरखरीत हवी, धरायला दांडे हवेत, बसून अंघोळ करायची सोय हवी. मी शिकत गेलो. असलं काम निघालं की लोक मलाच फोन करायला लागले. हार्डवेअरच्या दुकानात मला "दांडेवाले" म्हणून हाक मारतात. मला त्याचा चांगलाच माज होता.

यातलं खरं काम मला शिकवलं ते एका बाईंनी. दहिवलीच्या पुढे एका बंगल्यात त्या एकट्या राहायच्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, दोन्ही गुडघे गेलेले, आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मी टेप घेऊन गेलो आणि भिंतीवर भराभर खुणा करायला लागलो.

"मिस्त्री, कुणासाठी मोजताय?" त्या दारातून म्हणाल्या.

"तुमच्यासाठीच की, बाई."

"मग माझ्याकडे बघा. भिंत कुठं पळून जाणार आहे?"

त्यांनी कोरड्या बाथरूममध्ये खुर्ची आणायला लावली. साडीनिशी त्या खुर्चीवर बसल्या. बादली कुठे असते, साबण कुठे ठेवतात, पाय कुठे टेकतात, सगळं दाखवलं. मग म्हणाल्या, "आता मी उठते. माझा हात जिथं जाईल तिथं पेन्सिलीनं खूण करा." हात गेला तो मी केलेल्या खुणेच्या चांगला वीतभर खाली आणि बराच पुढे. त्यांनी तीनदा उठून दाखवलं आणि तिन्ही वेळा हात तिथेच गेला. आत येताना त्यांनी नकळत दाराच्या चौकटीला धरलं, म्हणून तिथे उभा दांडा आला. माझी पहिली खूण मी थुंकी लावून पुसून टाकली.

तेव्हापासून मी सगळीकडे तसंच करतो. आजी असोत, आजोबा असोत, आधी म्हणतो, जरा बसून दाखवा, आता उठून दाखवा. आधी लाजतात, मग दाखवतात. एका आजींनी तर हवेतला तांब्या डोक्यावर ओतूनसुद्धा दाखवला आणि स्वतःच हसत सुटल्या. किती परक्या आयांना मी असं विचारलं असेल. घरच्या एका आईला विचारलं नाही.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, द्रुतगती महामार्गाच्या गाड्यांची घरघर ऐकू येईल इतक्या अंतरावर. जुन्या घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी होती, वीतभर कठडा घातलेली. आई त्या मोरीत एका दगडावर बसून अंघोळ करायची, समोर साडी आडवी टांगून. वडील गेल्यावर मी ते घर पाडून स्लॅबचं बांधलं. तेव्हा बाथरूमला मीच चकचकीत पांढरी लादी लावली आणि पाणी खोलीत येऊ नये म्हणून दारात ग्रॅनाइटची चार बोटं उंच पट्टी बसवली. त्या काळात सगळेच तसं करायचे. आता कुणाच्या घरी तशी पट्टी दिसली की मी पहिल्यांदा ती फोडायला सांगतो.

आई त्याच पट्टीला अडखळून पडली, तीन वर्षांपूर्वी. नशिबाने मनगटावर निभावलं. प्लास्टर घातलं, आणि ते असेपर्यंत माझी बायको तिला अंघोळ घालायची. त्या दिवसांत आई सुनेशी धड बोलायची नाही. बायकोने काही वावगं केलं होतं असं नाही. ती अंगावर पाणी घालायची आणि आई भिंतीकडे तोंड करून बसायची, एवढंच. बाहेर आली की तास-दोन तास अंथरुणावर पडून राहायची. ज्या दिवशी प्लास्टर निघालं, त्या दिवशी दवाखान्यातून येताना रिक्षातच तिने मला सांगून टाकलं.

"आता मला कुणी हात लावायचा नाय. दोन घास कमी दे, चालंल. पण माझी अंघोळ माझी मी करनार. ज्या दिवशी मला दुसऱ्यानं न्हाऊ घालायला लागंल ना रं, त्या दिवशी माझं संपलं समज."

"असं काय बोलतेस? मी आहे ना," मी म्हणालो. "असं बाथरूम करून देतो की शंभर वर्षांची झालीस तरी कुणाची गरज लागणार नाही."

हे मी मनापासून म्हणालो होतो. आणि मनापासून केलंही.

आई धुळीने खोकेल म्हणून तिला आठ दिवस बहिणीकडे पाठवलं. इथेच घोडं पेंड खायला लागलं, पण तेव्हा मला तो आईचा लाड वाटला. बहिणीला फोन करून सांगितलं, काय चाललंय ते तिला सांगू नकोस, आल्यावर दाखवू. मग माझी चारही माणसं घरी लावली. दारातली ग्रॅनाइटची पट्टी फोडली. जुनी लादी काढून खालचं वॉटरप्रूफिंग नव्याने केलं. जमीन दाराशी खोलीच्या बरोबरीला आणली आणि तिथून कोपऱ्यातल्या जाळीकडे फुटाला पाव इंच उतार दिला. तरीही पाणी उलटं आलंच तर दारातच अडावं म्हणून उंबऱ्याच्या जागी लांब अरुंद जाळी टाकली. डोळे मिटून चाललं तरी पाय अडणार नाही, इतकं ते सरळ झालं. लादी खरखरीत, राखाडी. दार पूर्वी आत उघडायचं, ते बाहेर उघडणारं केलं, कारण माणूस आत दाराला टेकून पडलं तर आत उघडणारं दार लोटताच येत नाही. कडीसुद्धा अशी लावली की बाहेरून नाण्याने फिरवली तर उघडेल.

मग दांडे. एक उभा, दाराशी. दोन बसायच्या जागेजवळ, एक बाजूला आडवा आणि एक मागे. बसायला भिंतीला लावलेली घडीची बैठक, वापरायची तेव्हा खाली पाडायची, नाहीतर भिंतीला चिकटून राहते. तिच्या शेजारी हातात धरायचा शॉवर. एकेक लादी नाण्याने ठोकून पाहिली, पोकळ वाजते का म्हणून. दांड्याचे बोल्ट विटेत खोल गेले पाहिजेत, नुसत्या लादीवर दांडा लावला तर तो एक दिवस लादीसकट हातात येतो. सगळे बसल्यावर मी प्रत्येक दांड्याला माझ्या सगळ्या वजनाने लोंबकळून पाहिलं. एकही हलला नाही. बैठकीची उंची ठेवली अठरा इंच, सगळीकडे ठेवतो तीच.

नळ मात्र जुन्या जागी राहिला, समोरच्या खिडकीखालच्या भिंतीत. ती भिंत फोडली असती तर बाहेरच्या बाजूचा गिलावा गेला असता. आणि शॉवर दिलाय म्हटल्यावर नळ काय, बादली भरायला आहेच.

आई आली. मी तिला हाताला धरून आत नेलं. तिने सगळीकडे पाहिलं. दांड्याला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं, दुकानातल्या वस्तूला लावावं तसं.

"किती रं हे सगळं," ती म्हणाली.

"बसून बघ की," असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण शब्द आला नाही. ती माझी आई, मी पन्नाशीचा बाप्या, आणि आजूबाजूला माझी चार माणसं उभी. तू अंघोळीला कशी बसतेस ते दाखव, असं मी तिला काय विचारणार? आमच्यात मुलगा कळता झाला की आईच्या अंघोळीच्या वेळी अंगणातसुद्धा थांबत नाही. परक्या आजींपुढे जी लाज मी कधीच विकून खाल्ली होती, ती घरात मला आडवी आली. तिने विचारलं नाही, मी दाखवलं. दांडा असा धर, शॉवर असा फिरव. ती मान हलवत राहिली. मी फोटो काढले. ते फोटो पुढे वर्षभर मी गिऱ्हाइकांना दाखवत होतो, हे बघा, माझ्या स्वतःच्या आईसाठी केलंय. गिऱ्हाईक लगेच विरघळायचं.

पुढचे काही दिवस मी बाहेरून विचारायचो, "आई, जमतंय ना?"

आतून उत्तर यायचं, "जमतंय रं. तू जा."

सहा-सात महिने गेले असतील. एका सकाळी मी डबा भरून निघालो होतो, तर बायको म्हणाली, "अहो, ती तुमची बैठक कोरडी असते."

"म्हणजे?"

"आईंची अंघोळ झाल्यावर मी आत जाते ना, तर जमीन ओली, नळाकडची भिंत ओली. बैठक कोरडी ठाक. दांडेपन कोरडे. त्या तिथं बसतच नायत."

"सवय व्हायला वेळ लागतो गं म्हाताऱ्या माणसाला."

"तुमी एकदा विचारा की."

"तुला काय कळतंय यातलं?" मी म्हणालो आणि बाइकला किक मारली. हे वाक्य मी शब्दशः लिहिलं आहे. बदलून सौम्य करता आलं असतं.

दोन दिवसांनी मी पाहिलं तर आडव्या दांड्यावर बायकोने टॉवेल टाकला होता. मी चिडलो, दांडा टॉवेलसाठी नाही म्हणालो. तिने टॉवेल काढला आणि दुसऱ्या दिवशी परत टाकला. घरातली रिकामी जागा बायका वाया जाऊ देत नाहीत. ती जागा रिकामी आहे, हेच ती मला रोज टॉवेल टाकून सांगत होती.

आणि खरी लाज वाटायची गोष्ट पुढेच आहे. त्याच काळात तो खिडकीखालचा नळ ढिला झाला. हलायचा, बुडाशी पाणी झिरपायचं. मी तो काढला, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, घट्ट केला. महिन्याभरात पुन्हा ढिला. पुन्हा टेप, पुन्हा घट्ट. कुणाच्याही घरी असा नळ दोनदा ढिला झाला असता तर मी पहिला प्रश्न विचारला असता, याला कोण ओढतंय? पंचवीस वर्षं हेच करतो मी. घरी मात्र नळाला दोन शिव्या घातल्या, हल्लीचा माल भिकार असतो म्हणालो आणि कामावर गेलो. नळाशेजारी भिंतीला एक लाकडी पाट उभा असायचा, दोन बोटं उंचीचा. तो बायकोचा कपडे धुवायचा असेल, असं मी धरून चाललो होतो.

तो पाट आईचा होता. जुनं घर पाडताना तिने तो जपून ठेवला होता आणि माझी बैठक भिंतीला घडी करून ती त्या पाटावर बसत होती, नळाच्या पुढ्यात, बादलीला खेटून. उठताना नळाला धरून उठत होती.

एका मंगळवारी सकाळी नळ भिंतीतून निघाला. आतला नळ आणि पाइप जोडणारा प्लॅस्टिकचा बेंड मुळातून तुटला. मी घरीच होतो. आधी धप्प असा आवाज, मग पाण्याचा. वरच्या टाकीचं सगळं पाणी त्या भोकातून जोराने येत होतं. आई ओरडली नाही. बायकोने पळत जाऊन पाच रुपयांच्या नाण्याने कडी फिरवली आणि दार बाहेर ओढलं. मला तिने दारातच थांबवलं. "तुमी टाकी बंद करा," ती म्हणाली, "आधी मी त्यांच्या अंगावर कायतरी टाकते." मी जिना चढून वॉल्व्ह बंद करेपर्यंत तिने आईच्या अंगावर चादर गुंडाळली होती. पाय बाहेरच्या बाजूला वळला होता आणि आखूड दिसत होता. असा पाय मी पूर्वी एका गिऱ्हाइकाच्या वडिलांचा पाहिला होता, त्यामुळे कुणी सांगायची गरज नव्हती.

एवढ्या माझ्या कारागिरीतलं त्या दिवशी कामाला आलं ते बाहेर उघडणारं दार आणि नाण्याची कडी. म्हणजे पडल्यानंतरची सोय मी चोख केली होती.

पनवेलच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. खुब्यातला मोडलेला गोळा काढून स्टीलचा बसवला. चौथ्या दिवशी, वॉर्डात बायको चहा आणायला गेली असताना, मी आईला विचारलं. फार चांगल्या शब्दांत विचारलं असं नाही.

"एवढे दांडे लावले होते, बसायला केलं होतं. नळाला कशाला धरायचं?"

ती छताकडे बघत बोलली.

"तुझं बसायचं उंच हाय. माझं पाय टेकत नायत. पाय लोंबकाळलं की वाटतं आता पुढं पडते का मागं."

अठरा इंच. तिच्या गुडघ्याची उंची मी कधी मोजलीच नव्हती. दहिवलीच्या बाईंची मला आजही पाठ आहे.

"आन् पाणी खिडकीकडं, बादली खिडकीकडं. दांडं तिकडं पल्याड. पाणी सोडून दांड्याकडं कशी जाऊ?"

"शॉवर होता की."

"त्या शॉवरनं चोळी धुवायची का मी?"

मला कळेना. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. ती अंघोळीतच आपले अंगावरचे कपडे धुवायची. साडी सुनेने धुतली तर चालेल, पण आतले कपडे नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून असंच. कपडे घासायचे तर खाली बसायला हवं, बादली पुढ्यात हवी, नळ हाताशी हवा. म्हणून पाट. आमच्या गावातल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिने हे डोळे मिटून सांगितलं असतं. माझ्या घरात अशी एक बाई रोज माझा डबा भरत होती.

"मग तू मला सांगायचंस ना, आई."

"काय सांगू?" ती म्हणाली. "तू हौसेनं केलंस. सगळ्यास्नी फोटू दाखवत होतास. आन् असलं कुणी पोराला सांगतं का?"

बायको चहा घेऊन आली. आईने डोळे मिटून घेतले. मला बायकोकडे बघवेना.

डॉक्टरांनी सांगितलं, आता खाली बसायचं नाही, कायमचं. गुडघ्यापेक्षा कंबर खाली गेली तर बसवलेला गोळा निसटू शकतो. म्हणजे पाट गेला. घरी आल्यावर वॉकर घेऊन चार पावलं टाकायची, आणि अंघोळ सून घालायची. पुन्हा भिंतीकडे तोंड. फरक एवढाच की यावेळी ती सुनेवर रागावलीसुद्धा नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

नळाचं भोक मी बुजवलं, बेंड पितळी घातला आणि पाइप दीड फूट बाजूला सरकवून नवा नळ लावला. आधीच्या लादीतली एकही शिल्लक नव्हती, म्हणून बुजवलेल्या जागी जरा फिकट लादी आली. ती आजही वेगळी दिसते. मग एक दिवस मी हातातलं काम सोडून घरी थांबलो. बायकोला म्हणालो, आईला आत घेऊन ये, कोरडंच आहे, कपडे अंगावर असू दे. आणि तूही थांब.

आईला वॉकरने आत आणलं. मी तिच्या गुडघ्यामागची उंची मोजली, टेप तिच्या पायाला लावून. पंधरा इंच भरली. कंबर गुडघ्याच्या जरा वर राहावी आणि तळवेही पूर्ण टेकावेत म्हणून सोळा धरले. सोळा इंच उंचीचं स्टूल खिडकीच्या भिंतीशी ठेवलं, बादली एका चौरंगावर चढवली म्हणजे वाकावं लागणार नाही, आणि तिला त्या स्टुलावर बसवलं. मग घसा खाकरून मी म्हणालो, "आई, आता समज अंघोळ झाली. तू उठतेस. हात कुठं जातो ते दाखव."

ती माझ्याकडे बघत राहिली. वाटलं, नाही म्हणेल. पण तिने हात लांब केला, आणि हात गेला तो सरळ त्या फिकट लादीवर. पंजा उघडा ठेवून तिने तो लादीवर टेकवला.

"हितं," ती म्हणाली.

मी पेन्सिलीने खूण केली. खूण वाकडी आली. पहिल्याच दिवशी ही खूण करायला मला पाच मिनिटं लागली असती. बायको आईच्या मागे उभी होती.

चौथा दांडा मी तिथे बसवला. मधली फिकट लादी टाळून दोन्ही टोकं विटेत घेतली. घडीची बैठक जुन्या भिंतीवरून काढून या भिंतीला लावली, सोळा इंचांवर. सगळ्याला पुन्हा लोंबकळून पाहिलं. दोन दिवस सिमेंट सुकू दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आई बायकोला म्हणाली, "आज तू भायेर थांब गं. दार नुसतं लोटून घे."

आम्ही दोघं स्वयंपाकघरात थांबलो. मी तिच्या अंघोळीच्या वेळी इतक्या जवळ यापूर्वी कधी थांबलो नव्हतो. नळाचा आवाज आला, बादली भरल्याचा आला, तांब्याचा आला. बायकोने माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे चाललंय. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी उठलो, तिने मला हाताने बसवलं. नंतर काहीतरी ओढल्यासारखं, आणि पुन्हा शांत. पुन्हा एकदा तसंच.

मग आतून हाक आली. मोठ्याने नाही.

"ये गं आत."

बायको गेली. राहिलेलं पाणी तिने घातलं, पुसलं, कपडे चढवले, आईला खोलीत नेऊन निजवलं. आईने चोळी धुतलेली नव्हती. ती बायकोने धुतली आणि आईने धुऊ दिली. त्यानंतर आजपर्यंत तिने एकट्याने अंघोळ करायचं नाव काढलेलं नाही.

सगळं आवरल्यावर मी आत गेलो. तिन्ही जुने दांडे कोरडे होते, नेहमीसारखे. चौथा ओला होता. त्याच्यावर साबणाच्या हाताचे ठसे होते, दोन ठिकाणी. म्हणजे तिने दोनदा उठायचा प्रयत्न केला होता. दांडा बरोबर जागी होता आणि जराही हलला नव्हता. हातातला जोर गेला होता.

मी ते ठसे पुसले नाहीत. दुपारी बायकोने बाथरूम धुतलं तेव्हा ते गेले.